90 आणि 81 एकाच नेटवर्कात, मग 97 बाहेर कसा? मास्क 255.255.240.0

सावनी_नेट

नमस्कार मंडळी. माझ्या मशीनचा पत्ता 172.20.90.14, मास्क 255.255.240.0 आणि गेटवे 172.20.80.1 आहे. दोन वेगवेगळ्या मशीनकडे पॅकेट कुठल्या वाटेनं जातं ते पाहत होते, तर हे दिसलं:

```
$ ip route get 172.20.81.200
172.20.81.200 dev eth0 src 172.20.90.14
$ ip route get 172.20.97.6
172.20.97.6 via 172.20.80.1 dev eth0 src 172.20.90.14
```

म्हणजे 81 कडे थेट आणि 97 कडे गेटवेतून. पण 90 पासून 97 जवळ आहे आणि 81 लांब! मास्कमुळे असं होतं एवढं माहीत आहे, पण हातानं करून पाहायला बसले तर भलतंच उत्तर आलं. 90 चं बायनरी असं काढलं:

```
$ echo "obase=2; 90" | bc
1011010
```

240 चं बायनरी 11110000. दोन्ही एकाखाली एक लिहिले, जिथे दोन्हीकडे 1 तिथे 1, बाकी सगळीकडे 0. उत्तर 10110000, म्हणजे 176. मग माझं नेटवर्क 172.20.176.0 झालं का? ते माझ्या गेटवेशीसुद्धा जुळत नाही. नक्की कुठे अडतंय?

झटपट

बायनरीच्या नादाला लागूच नका. 256 मधून 240 वजा करा, 16 उरले. आता 16 चा पाढा म्हणा: 64, 80, 96, 112. तुमचा 90 हा 80 आणि 96 च्या मध्ये आहे, म्हणून नेटवर्क 172.20.80.0. 80 ते 96 एवढं तुमचं, 97 त्याच्या बाहेर. 16 पैकी पहिला आणि शेवटचा सोडायचा, म्हणजे 14 मशीन बसतील. परीक्षेत हे अर्ध्या मिनिटात होतं.

अरुंधती_व

सावनी, राउटरवर ॲक्सेस लिस्ट लिहिताना मास्क उलटा द्यावा लागतो. 255.255.240.0 नाही, 0.0.15.255 असं लिही. माझंही इथेच अडलं होतं. सुलटा मास्क टाकला की राउटर एका शब्दानं तक्रार करत नाही, पण यादी कशालाच लागू होत नाही.

सावनी_नेट

अरुंधतीताई, मी ॲक्सेस लिस्ट लिहीत नाहीये, साध्या मशीनवरच आहे. पण ते उलट्या मास्कचं लक्षात ठेवते.

झटपट, तुमचं 80 हे उत्तर गेटवेशी जुळतंय, त्यामुळे पटतंय. पण मला 176 का आले? आणि या नेटवर्कात चौदाच मशीन कशी असतील? आमच्याकडे शेकड्यांनी आहेत.

बिटकर

सावनी, तुमची पद्धत बरोबर आहे. फक्त 90 चं बायनरी सातच आकडी आहे. bc पुढची शून्यं गाळतो, कारण संख्या म्हणून त्यांना किंमत नसते. पत्त्यात मात्र असते. प्रत्येक ऑक्टेटला आठ जागा ठरलेल्या आहेत आणि त्या सगळ्या भरायच्याच:

128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1

90 मध्ये 128 बसत नाही, म्हणून पहिली जागा 0. ही 0 लिहायलाच हवी. 64 बसतो, 1 लिहा, उरले 26. 32 बसत नाही, 0. 16 बसतो, 1, उरले 10. 8 बसतो, 1, उरले 2. 4 बसत नाही, 0. 2 बसतो, 1, उरलं शून्य. शेवटची जागा 0. झालं 01011010.

तुम्ही 1011010 डावीकडून मास्कखाली लावलं, त्यामुळे प्रत्येक बिट एक घर डावीकडे सरकला आणि दुप्पट किमतीचा झाला. मास्कखाली 90 गेलाच नाही, 180 गेला. आता नीट लावून पाहा:

```
90     01011010
240    11110000
       --------
       01010000  = 80
```

64 अधिक 16, ऐंशी. नेटवर्क 172.20.80.0.

असं उत्तर चुकलंय हे ओळखायला एक खूण आहे. मास्क लावल्यावर काही 1 पुसले जातात, नवा 1 कधीच तयार होत नाही. त्यामुळे नेटवर्कचा ऑक्टेट पत्त्याच्या ऑक्टेटपेक्षा मोठा येऊच शकत नाही. 90 वरून 176 आले तिथेच थांबून बायनरी पुन्हा तपासायचं.

bc चीच सवय असेल तर आठ जागा अशा भरून घ्या:

```
printf '%08d\n' $(echo "obase=2; 90" | bc)
```

बिटकर

आता मूळ प्रश्न, 81 आत आणि 97 बाहेर का. मास्कमधले 255 आणि 255 पहिले दोन ऑक्टेट जसेच्या तसे ठेवतात आणि शेवटचा 0 चौथा ऑक्टेट पूर्ण पुसतो. खरं काम फक्त तिसऱ्या ऑक्टेटमध्ये आहे, म्हणून तेवढाच मांडतो:

```
81   0101 0001
90   0101 1010
95   0101 1111
96   0110 0000
97   0110 0001
```

मास्कमधले चार 1 डावीकडच्या चार बिटांवर बसतात. मशीन तेवढेच चार बिट पाहतं. 81 आणि 90 दोघांकडे तिथे 0101 आहे. 97 कडे 0110 आहे. उजवीकडचे चार बिट काहीही असोत, या निर्णयात त्यांना मत नाही.

95 आणि 96 कडे नीट बघा. मोजायला शेजारचे आकडे, पण 95 नंतर एक वाढवला की उजवीकडचे पाचही 1 कोसळून 0 होतात आणि हातचा डावीकडे जातो. त्या हातच्यानं 0101 चं 0110 झालं, म्हणजेच नेटवर्क बदललं. आकड्यांमधलं अंतर मशीन मोजतच नाही. डावीकडचे बिट सारखे की वेगळे, एवढंच बघतं.

झटपट, 16 चा पाढा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी दुरुस्ती हवी. 96 या नेटवर्कात येत नाही, तिथून पुढचं नेटवर्क सुरू होतं. आपलं 172.20.95.255 ला संपतं. आणि सोळा ही तिसऱ्या ऑक्टेटच्या किमतींची संख्या आहे, मशीनची नाही. त्या प्रत्येक किमतीमागे चौथ्या ऑक्टेटच्या २५६ किमती आहेत. सोळा गुणिले दोनशे छप्पन्न, ४०९६ पत्ते. त्यातला पहिला 172.20.80.0 नेटवर्कचं नाव म्हणून आणि शेवटचा 172.20.95.255 ब्रॉडकास्टसाठी राखीव. उरले ४०९४.

झटपट

96 चं मान्य. चौदाचं गणित शेवटच्या ऑक्टेटमध्ये मास्क तुटतो तेव्हा चालतं, 255.255.255.240 असेल तर. इथे तो तिसऱ्यात तुटतोय हे ध्यानात घेतलं नाही. पण पाढ्याची युक्ती कुठल्याही मास्कला चालते, हे मी सोडणार नाही.

जुनी_तार

आज जे मास्क वापरात आहेत त्या सगळ्यांना चालते, कारण त्यांच्यात सगळे 1 डावीकडे सलग असतात आणि एकदा 0 आला की पुढे 0 च. म्हणून मास्कच्या ऑक्टेटमध्ये 0, 128, 192, 224, 240, 248, 252, 254 आणि 255 एवढ्याच किमती दिसतात. कुणी 242 लिहिलेला दिसला तर ते 11110010 आहे, टंकताना बोट घसरलंय.

पण हे पहिल्यापासून असं सक्तीचं नव्हतं. १९८५ च्या आरएफसी ९५० मध्ये सबनेटचे बिट सलग असलेच पाहिजेत असं नाही, फक्त सलग ठेवा अशी शिफारस आहे. समजा मास्कचा ऑक्टेट 160 आहे, म्हणजे 10100000. पाढ्याच्या युक्तीनं 256 उणे 160, 96. मग 97 चं नेटवर्क 96 यायला हवं. बिट लावून बघा:

```
97    01100001
160   10100000
      --------
      00100000  = 32
```

उत्तर 32. म्हणजे युक्ती मुळात बिटांवरच उभी आहे आणि बिट सलग असतील तोवरच खरी आहे. असे तुटक मास्क आता मशीनच्या पत्त्याला लावता येत नाहीत. अरुंधती म्हणतात त्या ॲक्सेस लिस्टमध्ये मात्र उलटा मास्क तुटक असू शकतो, आणि तिथे पाढा घेऊन गेलात तर फसाल.

१९९३ मध्ये सीआयडीआर आलं आणि पत्त्याचा वर्ग बघून मास्क ठरवणं मागे पडलं. हे सांगतोय कारण 172 दिसला की मास्क 255.255.0.0 धरून चालणारे अजून भेटतात. पत्त्याच्या तोंडावर मास्क लिहिलेला नसतो, तो वेगळा सांगावाच लागतो. म्हणूनच 172.20.90.14 एवढंच कुणी दिलं आणि नेटवर्क विचारलं, तर त्याला उत्तर नाही.

झटपट

160 चं उदाहरण पटलं. पण असा मास्क उभ्या जन्मात समोर येणार नसेल तर शिकणाऱ्याला आधी पाढाच द्यावा, बिट नंतर. माझं मत तेच आहे.

बिटकर

मी उलट क्रमानं शिकवतो. ज्यानं बिट मांडलेत तो 96 आपल्यात धरत नाही, कारण समोर 0110 दिसत असतं. पाढा नंतर आपोआप सापडतो. असो, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

अरुंधतीताईंचा उलटा मास्क सावनीलाही उपयोगी आहे. 255.255.240.0 पत्त्यावर लावला की नेटवर्क उरतं. त्याचे सगळे बिट उलटवून, म्हणजे 0.0.15.255, लावला की मशीनचा भाग उरतो:

```
90    0101 1010
15    0000 1111
      ---------
      0000 1010  = 10
```

चौथा ऑक्टेट 255 मुळे तसाच राहतो, 14. मशीनचा भाग 0.0.10.14. दोन्ही भाग मिळवा: 80 अधिक 10, नव्वद. 0 अधिक 14, चौदा. मूळ पत्ता परत आला, म्हणजे कुठेही बिट सांडला नाही. पत्ता फोडल्यावर ही बेरीज करून बघायला मी सगळ्यांना सांगतो.

हा भाग ऑक्टेटच्या ठिपक्यापाशी तुटत नाही, हेही इथे दिसतं. मशीनचा क्रमांक बारा बिटांचा आहे, 1010 आणि त्यापुढे 00001110. ठिपका फक्त आपल्याला वाचायला सोपं जावं म्हणून आहे, मशीनसाठी ते बत्तीस बिट सलगच असतात. एक आकडा करायचा तर 10 × 256 + 14 = 2574. या नेटवर्कातलं 2574 क्रमांकाचं घर.

नवा_भिडू

दादा, एक शंका. पुढची शून्यं इतकी महत्त्वाची असतील तर पत्ता लिहितानाही 172.020.090.014 असं तीन-तीन आकडी लिहावं का? आमच्या जुन्या तक्त्यात तसंच आहे, रकाने सरळ दिसतात.

बिटकर

कागदावर लिही, पण टंकू नकोस. बायनरीत पुढचं शून्य हवंच, दशमानात ते घातक आहे. बरीच साधनं पुढे 0 असलेला ऑक्टेट अष्टमान समजून वाचतात. लिनक्सवर `ping 172.20.90.014` करून बघ. बहुतेक ठिकाणी पिंग 172.20.90.12 कडे निघालेला दिसेल, कारण अष्टमानातला 14 म्हणजे आठ अधिक चार. 090 असेल तर पत्ताच ओळखला जाणार नाही, अष्टमानात 9 हा अंकच नाही. सगळी साधनं सारखी वागत नाहीत, म्हणून तर हे जास्त त्रासदायक. त्या तक्त्यावरून कुणी पत्ते थेट उचलून चिकटवत असेल तर आधी शून्यं काढून टाका.

नवा_भिडू

बापरे, 014 चे खरंच 12 झाले. आता तक्ताच बदलतो.

अजून एक. 172.31 पर्यंतचे पत्ते खाजगी आणि 172.32 पासून सार्वजनिक, हे मी पाठ केलं होतं. 31 वरच का थांबतात ते आत्ता लक्षात येतंय असं वाटतं. तिथला मास्क 255.240.0.0 आहे ना? म्हणजे तोच 240, फक्त दुसऱ्या ऑक्टेटमध्ये. 16 म्हणजे 0001 0000, 31 म्हणजे 0001 1111, आणि 32 झाले की 0010 0000. डावीकडचे चार बदलले. बरोबर का?

जुनी_तार

अगदी बरोबर. 172.16.0.0/12, आरएफसी १९१८, सन १९९६.

कॅमेरे_आणि_तारा

मास्कचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं मांडतो. आमचंही असंच /20 आहे, 172.20.80.0, गेटवे 80.1. कॅमेरे बसवणाऱ्यांनी काही कॅमेऱ्यांना मास्क 255.255.255.0 असाच ठेवून दिला. त्यातला एक 172.20.84.60. 84 मधल्या लॅपटॉपवरून तो दिसतो, 90 मधल्या मशीनवरून पिंग केलं तर उत्तर नाही. वायर बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, काही फरक नाही. चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे 90 वाल्या मशीनवर `ip neigh` मध्ये कॅमेऱ्याचा मॅक पत्ता येतो. मॅक मिळतो, मग पिंग का नाही?

बिटकर

हे फार कामाचं लक्षण आहे. दोन्ही बाजूंनी वेगवेगळं गणित करून बघा.

तुमचं मशीन 172.20.90.x, मास्क 240. कॅमेऱ्याच्या 84 वर ते आपला मास्क लावतं. 84 म्हणजे 0101 0100, उत्तर 80. माझंही 80. म्हणजे शेजारीच आहे, थेट विचारू. ते एआरपीनं मॅक विचारतं, कॅमेरा उत्तर देतो. म्हणून `ip neigh` मध्ये नोंद दिसते. मग पिंगचं पॅकेट थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचतं.

आता कॅमेऱ्यानं उत्तर पाठवायचंय. तो स्वतःचा मास्क लावतो, आणि त्याच्याकडे तिसऱ्या ऑक्टेटला 255 आहे. 90 चे 90 च राहतात, त्याचे स्वतःचे 84. वेगळे, म्हणजे परकं नेटवर्क, गेटवेकडे पाठवा. गेटवे 172.20.80.1. त्यावरही तोच मास्क लावला तर 80, तेही 84 नाही. त्याच्या हिशेबानं गेटवेच परक्या नेटवर्कात आहे. पोचायची वाटच नाही, उत्तर तिथेच पडतं.

मास्क पॅकेटमध्ये लिहिलेला नसतो. प्रत्येक मशीन समोरच्याच्या पत्त्यावर आपलाच मास्क लावतं, त्यामुळे दोघांची मतं वेगळी होऊ शकतात आणि ते दोघांनाही कळत नाही. मॅक मिळतोय पण पिंग येत नाही, आणि जवळच्या ठरावीक पत्त्यांवरून सगळं सुरळीत चालतं, असं दिसलं की वायरला हात लावण्याआधी समोरच्या उपकरणाचा मास्क बघा.

कॅमेरे_आणि_तारा

मास्क 255.255.240.0 केला, 84.60 सगळीकडून दिसायला लागला. मनापासून आभार.

पण तेच कारण असेल तर 84.61 चं काय? दुसऱ्या बनावटीचा आहे, त्यालाही 255.255.255.0 आणि गेटवे 80.1. तो 90 वरून पहिल्यापासून दिसतोय.

बिटकर

त्याला 90 वरून पिंग करा आणि ttl चा आकडा सांगा. सोबत 84 मधल्या लॅपटॉपवरूनही करा.

कॅमेरे_आणि_तारा

90 वरून ttl=63, लॅपटॉपवरून ttl=64.

बिटकर

सापडलं. एकाच नेटवर्कात, थेट उत्तर येत असेल तर ttl कमी व्हायला नको. एकानं कमी झाला म्हणजे येताना मध्ये एक राउटर लागला. तुमचं पॅकेट कॅमेऱ्याकडे थेट जातंय आणि उत्तर गेटवेला वळसा घालून येतंय. या बनावटीचं सॉफ्टवेअर गेटवे आपल्या नेटवर्कात आहे की नाही याची पर्वा न करता त्याचा मॅक सरळ एआरपीनं विचारत असावं. गेटवे त्याच तारेवर आहे, त्यामुळे उत्तर मिळतं आणि गाडी चालते.

चालतंय म्हणून सोडू नका. चित्राचा सगळा प्रवाह विनाकारण राउटरमधून जातोय, आणि वाटेत फायरवॉल असेल तर तिला संभाषणाची एकच बाजू दिसेल. पिंग चालेल आणि चित्र मात्र अडेल, अशीही वेळ येते. मास्क दुरुस्तच करा.

कॅमेरे_आणि_तारा

करतो. अजून एक आहे, 84.75. सेटिंगच्या पानावर 255.255.255.0 दिसतं, पण 90 वरून ttl=64 च येतो.

जुनी_तार

पानावर लिहिलेलं आणि आत चालू असलेलं वेगळं असू शकतं. काही उपकरणं बदल जतन करतात पण रीस्टार्ट होईपर्यंत लागू करत नाहीत. कुणी मास्क बदलून ठेवला असेल तर पुढच्या रीस्टार्टला तोही गायब होईल.

बिटकर

शक्य आहे. दुसरं कारणही असू शकतं, उपकरण ज्या मॅकवरून विचारणा आली त्यालाच सरळ उत्तर देत असेल, मास्क न बघता. रीस्टार्ट करून पाहिल्याशिवाय यातलं कुठलं ते सांगता येणार नाही.

कॅमेरे_आणि_तारा

तो मुख्य दरवाजावरचा आहे, लगेच बंद करता येणार नाही. संधी मिळाली की कळवतो.

अरुंधती_व

मध्येच विचारते. सुलटा मास्क टाकल्यावर माझी यादी कशालाच का लागली नाही, ते आता कळेल असं वाटतंय. तिथे 0 म्हणजे जुळलंच पाहिजे आणि 1 म्हणजे काहीही चालेल. मी 172.20.80.0 पुढे 255.255.240.0 दिलं, म्हणजे पहिले दोन ऑक्टेट काहीही चालतील, तिसऱ्याचे डावे चार बिट काहीही चालतील, पण उजवे चार 0000 च हवेत आणि चौथा ऑक्टेट 0 च हवा?

बिटकर

तंतोतंत. आणि चौथा ऑक्टेट 0 असलेलं मशीन तुमच्याकडे बहुधा एकही नसेल, म्हणून यादी गप्प बसली. या /20 मध्ये मात्र 172.20.84.0 हा मशीनचा वैध पत्ता आहे, मशीनचे बाराही बिट 0 नाहीत म्हणून. 172.20.84.255 सुद्धा.

जुनी_तार

वैध आहे हे खरं, पण मी ते दोन्ही कुणाला देत नाही. पुढेमागे कुणीतरी 255.255.255.0 लावलेलं उपकरण आणणार आणि त्याच्या दृष्टीनं 84.255 हा ब्रॉडकास्ट असणार.

बिटकर

मी देतो. चुकीच्या मास्कचं उपकरण लवकर उघडकीला आलेलं बरं.

सावनी_नेट

सगळं वाचून 97.6 स्वतः सोडवला. 97 म्हणजे 0110 0001, मास्क लावून 0110 0000, 96. नेटवर्क 172.20.96.0, शेवट 172.20.111.255. मशीनचा भाग 0.0.1.6. बेरीज 96 अधिक 1, सत्त्याण्णव, जुळली.

आता पुढचा प्रश्न, आणि खरं तर यासाठीच हे सगळं खणत होते. 80 चं आणि 96 चं अशी दोन्ही नेटवर्कं एक करायची, असा विचार चालू आहे. दोन शेजारची /20 जोडली की एक /19 होतं ना? मग मास्क 255.255.224.0 केला की झालं?

झटपट

हो. 256 उणे 224, 32. सोळा आणि सोळा बत्तीस. 80 पासून 111 पर्यंत.

बिटकर

थांबा, 32 चा पाढा म्हणून बघा: 64, 96, 128. त्यात 80 आहे का? बिट मांडतो:

```
80    010 10000
96    011 00000
224   111 00000
```

/19 मध्ये डावीकडचे तीन बिट बघितले जातात. 80 कडे 010, 96 कडे 011. मास्क लावल्यावर 80 चे 64 होतात आणि 96 चे 96 च राहतात. म्हणजे मास्क 224 केल्यावरही ती दोन वेगळीच नेटवर्कं. तुमचं 90.14 जाईल 64 ते 95 मध्ये आणि 97.6 जाईल 96 ते 127 मध्ये. 80 ची जोडी 64 शी जमते, 96 ची 112 शी. शेजारी असणं पुरत नाही, बिट फक्त शेवटच्या जागी वेगळा असावा लागतो.

80 आणि 96 दोन्ही एकत्र हवेतच, तर अजून एक बिट सोडावा लागेल. 255.255.192.0, म्हणजे /18. तेव्हा दोघांचे डावे दोन बिट 01, नेटवर्क 172.20.64.0, थेट 172.20.127.255 पर्यंत. मशीनचे चौदा बिट, १६,३८४ पत्ते.

सावनी_नेट

म्हणजे 64 ते 79 आणि 112 ते 127 हेही त्यात ओढले जातील. 112 ची पट्टी दुसरं कुणीतरी वापरतंय असं पुसट आठवतंय. तसं असेल तर आमची मशीन त्यांना शेजारी समजून थेट एआरपी करत बसतील आणि ती तर गेटवेच्या पलीकडे आहेत.

बिटकर

तेच होईल. आधी राउटरवर `ip route` मध्ये 172.20.64.0 आणि 172.20.112.0 कुठे जातात ते बघा.

सावनी_नेट

112 ची पट्टी खरंच दुसऱ्या इंटरफेसवर आहे, /20 च. 64 ची कुठेच दिसत नाही. मग 80 सोबत 64 घेऊन /19 करते आणि 97 वाली मशीन हळूहळू 64 ते 79 मध्ये नवे पत्ते देऊन हलवते. एक खात्री करून द्या: मास्क बदलताना काही मशीन /19 वर आणि काही अजून /20 वर असतील, तेव्हा 80 ते 95 मधल्यांचं आपापसात बिघडणार नाही ना?

बिटकर

त्यांचं आपापसात नाही. दोन्ही मास्क लावून 80 ते 95 मधले सगळे एकमेकांना शेजारीच दिसतात. अडचण 64 ते 79 मध्ये आलेल्या नव्या मशीनशी येईल: /19 वालं त्यांना थेट विचारेल, /20 वालं गेटवेकडे पाठवेल. गेटवेचा मास्क आधी /19 करा, म्हणजे मागे राहिलेल्यांचं निदान वळसा घालून तरी चालेल. कोण मागे राहिलंय ते ttl=63 वरून कळेल.